सर्चमधल्या सूचना बघून व्हिडिओचा विषय ठरवावा का?

सुईदोरा
माझं घरगुती शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं मराठी यूट्यूब चॅनल आहे. आजवर सुचेल तसे विषय घेतले. सर्चच्या चौकटीत शब्द टाकला की खाली ज्या सूचना येतात त्या बघायच्या, मोठ्या चॅनलांनी काय सोडलंय ते शोधायचं आणि मग विषय ठरवायचा, असं काहीजण सांगतात. यात खरंच दम आहे का? मत हवंय, कोणत्याही बाजूचं.

अभि_एडिटर
माझं मत स्पष्ट आहे, वेळ घालवू नका. मी ज्या चॅनलांचं काम बघतो तिथे बहुतेक लोक होमपेजवरून आणि शेजारी सुचवलेल्या व्हिडिओंवरून येतात. तिथे थंबनेल आणि पहिली तीस सेकंदं चालतात. सूचना बघून केलेले व्हिडिओ एकमेकांसारखेच दिसतात, कारण सगळेजण त्याच सूचना बघतात.

कारागीर_नाशिक
अभि, तुमचं म्हणणं गप्पांच्या किंवा प्रवासाच्या चॅनलला लागू आहे. इथे प्रकरण वेगळं आहे. मशीन बंद पडल्यावर माणूस होमपेज चाळत बसत नाही. कापड मशीनच्या पायाखाली अडकलेलं असतं, ब्लाउज संध्याकाळी द्यायचा असतो, तो मोबाइल काढतो आणि तक्रार टाइप करतो. ती तक्रार कोणत्या शब्दांत टाइप होते हेच सूचना सांगतात. त्यांचा खरा उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे.

ताई, एक करून बघा. आधी खात्यातून बाहेर पडा आणि इन्कॉग्निटो खिडकी उघडा. नाहीतर तुम्ही स्वतः दिवसभर मशीनचे व्हिडिओ बघता, त्याचीच सावली सूचनांवर पडते. मग 'शिलाई मशीन' लिहून एक जागा सोडा आणि पुढे एकेक अक्षर टाका: क, ख, ट, द. 'द' वर दोरा तुटण्याच्या तक्रारी येतात का, 'ट' वर टीप सुटण्याच्या येतात का, ते वहीत जसंच्या तसं उतरवा. शब्द सुधारू नका. पुढे हेच 'सिलाई' लिहून करा. 'शिलाई' लिहिणारा बहुधा मराठी असतो, 'सिलाई' लिहिणारा हिंदी. एका अक्षराने प्रेक्षक बदलतो, आणि मोठी चॅनलं जवळजवळ सगळी 'सिलाई'च्या बाजूला आहेत.

आता रिकामी जागा. ती सूचनांत दिसत नाही, निकालांत दिसते. 'मशीन टीप सोडते' हे शोधा आणि वरचे पाच-सहा व्हिडिओ खरंच बघा, नुसती शीर्षकं नकोत. मी हे केलं तेव्हा वर लांबलचक हिंदी व्हिडिओ होते, त्यांत संपूर्ण मशीन खोलून दाखवलेलं. टीप सुटण्याचं कारण अकराव्या मिनिटाला, तेही एका वाक्यात: सुई बदला. खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा: सुई नवीन आहे, सुती कापडावर नीट चालते, लेगिंगच्या कापडावर टीप सुटते, काय करू? उत्तर कुणीच दिलेलं नाही. ताणल्या जाणाऱ्या कापडाला गोल टोकाची, म्हणजे बॉलपॉइंट सुई लागते. साध्या सुईचं टोक अशा कापडात नीट शिरत नाही, कापड सुईबरोबर वर ओढलं जातं, दोऱ्याचा फास बनत नाही आणि शटलला तो पकडता येत नाही. पाच मिनिटांचा विषय आहे. सोडलेली जागा म्हणतात ती ही.

व्ह्यूजवाला
सोपं आहे हो. सूचनांत जे सगळ्यात वर, ते लोक सगळ्यात जास्त शोधतात. वरचे पाच शब्द घ्या, टॅगमध्ये भरा, शीर्षकातही टाका. काम झालं.

कारागीर_नाशिक
लोक जे शोधतात तेच सूचनांत येतं, इथवर तुमचं बरोबर. पण क्रम म्हणजे मोजमाप नव्हे. ठिकाण, भाषा, आधी काय शोधलं, सध्या काय जोरात आहे, यानुसार तो बदलतो. शेजाऱ्याच्या फोनवर तोच शब्द टाका, यादी वेगळी निघू शकते. अंदाज हवाच असेल तर गूगल ट्रेंड्समध्ये जाऊन वरच्या पर्यायांत वेब सर्चच्या जागी यूट्यूब सर्च निवडा. तिथलेही आकडे शंभरपैकी तुलनेचे असतात, किती जणांनी शोधलं ते कळत नाही. मराठी तक्रारीला बऱ्याचदा पुरेसा डेटा नाही असंच येईल. टॅगांबद्दल यूट्यूब स्वतःच सांगतं की त्यांचा वाटा फार थोडा, मुख्यतः लोक चुकीचं स्पेलिंग करतात अशा शब्दांपुरता. शब्द शीर्षकात हवा, आणि पहिल्याच वाक्यात तोंडून यायला हवा, म्हणजे आलेल्या माणसाला कळतं की तो योग्य ठिकाणी आलाय.

मोदकआजी
माझा अनुभव सांगते. मी उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ केला, गणपतीच्या आठवडाभर आधी सूचनांत 'मोदक फुटतात' दिसलं म्हणून. टाकेपर्यंत विसर्जन झालं. बघायला कुणी आलंच नाही. मग यात चूक सूचनांची की माझी?

कारागीर_नाशिक
आजी, उशीर झाला एवढंच. तो व्हिडिओ काढू नका, पुढच्या श्रावणात लोक पुन्हा तेच शोधतील. गूगल ट्रेंड्समध्ये मागच्या पाच वर्षांची रेघ बघा, शोध कधी चढायला लागतो ते दिसेल. त्याच्या तीन-चार आठवडे आधी पुढचा व्हिडिओ टाका. मशीनची तक्रार बारमाही असते, मोदकांची नसते.

अभि_एडिटर
लेगिंगची गोष्ट पटली, ती मला सुचली नसती. पण माझी शंका कायम आहे. जागा रिकामी आहे याचा अर्थ तिथे गिऱ्हाईक आहे असा नाही. मराठी माणूस हिंदी व्हिडिओ सहज बघतो. मराठीत कुणी केलं नाही, कारण कुणाला गरजच पडली नसेल.

कारागीर_नाशिक
ही शंका रास्त आहे, आणि व्हिडिओ टाकण्याआधी तिचं पक्कं उत्तर मिळत नाही. म्हणून मी कमेंटला जास्त वजन देतो. हिंदी व्हिडिओखाली मराठीत विचारलेला प्रश्न म्हणजे माणूस आला, त्याने बघितलं आणि त्याचं काम झालं नाही. असे पाच-सहा प्रश्न दिसले नाहीत तर मी तो विषय सोडतो. टाकल्यानंतर स्टुडिओतल्या अॅनालिटिक्समध्ये प्रेक्षक कुठून आले ते उघडा, त्यात यूट्यूब सर्चवर टिचकी मारा. कोणते शब्द टाइप करून लोक आले त्याची यादी मिळते. तुमच्या चॅनलपुरती ती यादी सूचनांपेक्षा खरी. एखाद्या शब्दावरून लोक येतात पण अर्ध्या मिनिटात जातात, तर तो शब्द तुमच्या व्हिडिओचा नाही. पुढचा व्हिडिओ त्याच शब्दावर वेगळा करावा लागतो.

सुईदोरा
आज दुपारी बसून केलं. 'शिलाई मशीन द' वर दोरा तुटण्याचं आलं. 'खाली गुंता होतो' असंही दिसलं. त्या शब्दांवर वरचे चार व्हिडिओ बघितले, चौघांनीही बॉबिन केसचा स्क्रू फिरवून दाखवला. माझ्याकडे येणाऱ्या मशीनांत खाली गुंता होतो तो बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो म्हणून. मशीनचा पाय वर उचलून दोरा पुन्हा ओवला की गुंता जातो, स्क्रूला हात लावावा लागत नाही. म्हणजे विषय आहे, व्हिडिओही आहेत, पण उत्तर चुकीचं दिलंय. ही मी जागाच धरते.

एका ठिकाणी अडले. माझ्या गिऱ्हाइकांतल्या बऱ्याच बायका मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. `machine tip sodte` लिहिलं तर `tip` मुळे इंग्रजी टिप्सचे व्हिडिओ वर येतात. शीर्षकात टीप देवनागरीत ठेवू, का `tip sodte` पण जोडू?

कारागीर_नाशिक
दोन्ही जोडून बघितलंय मी, मला फरक दिसला नाही. `dora tutto` ला मात्र दिसला, कारण तो शब्द दुसऱ्या कशाशी भिडत नाही.

अभि_एडिटर
माझ्या मते शीर्षक एकाच लिपीत ठेवा. मोबाइलवर लांब शीर्षक मध्येच कापलं जातं, दुसरा अर्धा कुणी वाचतच नाही.