'मोकळी नजर' म्हटलं की लॉक सुटतो का?

रंकाळाकाठ: राजारामपुरीतल्या एका खोलीत आम्ही तिघं मर्दानी खेळावरचा छोटा गेम करतोय. दांडपट्टा घेतलेला गडी, समोर चार-पाच जण, कॅमेरा पाठीमागं. मेनू पूर्ण मराठीत ठेवायचा हट्ट आहे. कंट्रोलरच्या तीन बटणांपाशी अडलोय: गडी आणि कॅमेरा एकाच शत्रूवर खिळवणारा लॉक-ऑन, टार्गेट बदलणं आणि लॉक न सोडता कॅमेरा फिरवून बघायचा फ्री लूक. आम्ही लिहिलं होतं 'लक्ष्य धरा', 'लक्ष्य बदला', 'मोकळी नजर'. परवा आतेभावाला खेळायला बसवला. भालेवाल्यावर लॉक होता आणि त्याला सोडून पळायचं होतं, म्हणून पठ्ठ्यानं 'मोकळी नजर' दाबून धरलं. कॅमेरा गरकन फिरला. गडी मात्र भालेवाल्याकडंच तोंड करून उलट्या पावलांनी सरकत राहिला आणि भिंतीला टेकून मेला. भाऊ म्हणतो, "मोकळी लिहिलंय की, मग सोडलं का नाही?" मला उत्तर देता येईना. शब्द सुचवा. बटणाच्या पट्टीत बारा-तेरा अक्षरंच बसतात.

निवृत्त_मास्तर: तुमच्या आतेभावाचे अजिबात चुकलेले नाही. गुरे मोकळी सोडली, केस मोकळे सोडले, बाळंतीण मोकळी झाली. मराठीत 'मोकळे' म्हटले की आधीचे बंधन संपले. तुमचे बंधन तर तसेच राहते. माझ्या मते 'लक्ष्यबंध', 'लक्ष्यांतर' आणि 'मुक्तावलोकन' असे घ्यावे.

काय_विषय_भावा: मास्तर, 'मुक्तावलोकन' वाचून होईपर्यंत भालेवाला दोनदा मारून जाईल. लॉकला लॉकच म्हणा. आणि ते सगळीकडं R3 वरच असतंय, उजवी काडी आत दाबली की झालं. शब्द लागतोय कशाला?

तिसरी_गल्ली: सगळीकडं नाही रे. Elden Ring मध्ये R3 आहे, Kingdom Hearts मध्ये R1. आणि 1998 च्या Ocarina of Time मध्ये लॉक Z वर होता, म्हणून लोक अजून त्याला झेड-टार्गेटिंगच म्हणतात. त्या गेममध्ये बटण दाबून ठेवायचं की एकदा दाबून सोडायचं, हेही निवडता यायचं. रंकाळाकाठ, तुमच्याकडं यातलं काय आहे त्यावर क्रियापद ठरेल. दाबून ठेवायचं असेल तर 'धरा' चपखल, कारण बोटानंही धरलेलंच असतं. एकदा दाबून सोडायचं असेल तर 'धरा' वाचून लोक बटण धरून बसतील.

रंकाळाकाठ: एकदा दाबायचं. अगदी तेच झालं! भाऊ R3 दाबून बसला होता.

फोटोवाली_वहिनी: आम्ही लग्नाच्या शूटिंगला फोकस लॉक करतो तेव्हा 'फोकस धरला' असंच म्हणतो. नवरीवर धरला की करवली आडवी आली तरी सुटत नाही. फ्री लूक म्हणजे ट्रायपॉडचं डोकं ढिलं करणं ना? त्याला आमच्यात 'हेड सोडणे' म्हणतात.

तिसरी_गल्ली: वहिनी, हा कॅमेरा खेळातला आहे, पण करवलीचं उदाहरण नेमकं लागू पडतं. लॉक असताना उजवी काडी कॅमेरा फिरवत नाही, ती टार्गेट बदलते. उजवीकडं झटका दिला की पडद्यावर उजवीकडचा पुढचा माणूस. इथंच घोळ होतो, कारण R3 म्हणजे तीच काडी. ती दाबताना अंगठा थोडा तिरका गेला की लॉक लागतो आणि लगेच शेजाऱ्यावर उडी मारतो. रंकाळाकाठ, 'लक्ष्य बदला' न दाबता लक्ष्य बदलतं, अशी तक्रार कुणी केली का?

रंकाळाकाठ: तिघांनी केली! आम्ही भाषांतराचा दोष समजत होतो.

तिसरी_गल्ली: तो भाषांतराचा नाही. लॉक लागल्यावर सेकंदाचा पाचवा भाग काडीकडं दुर्लक्ष करा. मग काडी सत्तर टक्क्यांपलीकडं गेली तरच टार्गेट बदला, आणि ती तीस टक्क्यांच्या आत परत येईपर्यंत दुसऱ्यांदा बदलू नका. नाहीतर काडी एका बाजूला धरली की लॉक पाचही जणांवरून धावत सुटतो. आकडे हातात कंट्रोलर घेऊन कमीजास्त करा. आणखी एक गोष्ट तपासा. पुढचा माणूस जवळचा म्हणून निवडता की पडद्यावर त्या बाजूला दिसतो म्हणून? जवळचा निवडत असाल तर झटका उजवीकडं आणि लॉक डावीकडं असं होईल, आणि मग कुठलाही शब्द लिहा, खेळणारा शिव्याच घालणार.

काय_विषय_भावा: माझ्या कंट्रोलरची काडी आपोआप डावीकडं सरकते, लॉक न लावताच कॅमेरा गरगरतोय. त्याला मराठीत काय म्हणायचं?

निवृत्त_मास्तर: 'भरकटणे'. पण मूळ प्रश्न राहिला बाजूला. शिवाय वर दोघांनी 'टार्गेट' लिहिले आहे. 'लक्ष्य' हा शब्द असताना?

तिसरी_गल्ली: मास्तर, 'लक्ष्य' बोलताना 'लक्ष'च होतं. 'लक्ष बदला' ऐकलं की शाळेत मागच्या बाकावरून ओरडा खाल्ल्यासारखं वाटतं.

तालमीतला: एवढं डोकं का लावताय? कोल्हापुरात राहता आणि तालमीत विचारत नाही. समोरच्याला आपल्यात 'जोड' म्हणतात. नजर भिडवली की भिडवली, मग खडाखडी सुरू. तुमच्या तीन बटणांवर लिहा 'जोड धरा', 'जोड बदला', 'भोवती बघा'. खासबागेत शेवटच्या पायरीवरच्या म्हाताऱ्यालाबी कळंल.

रंकाळाकाठ: 'भोवती बघा' झकास आहे. त्यात सोडल्याचा वास नाही, आणि पट्टीत बसतं. पण जोड एकच असते ना? आमच्यात एकाला पाच येतात.

तालमीतला: मग ती कुस्ती न्हवंच, मारामारी. तिथं 'गडी बदला' म्हणा.

निवृत्त_मास्तर: 'गडी' म्हणजे आपलाच खेळाडू असे वाचले जाईल. बटण दाबले की पात्र बदलेल, अशी अपेक्षा होईल.

फोटोवाली_वहिनी: 'नजरबंद' का नको? एका शब्दात काम होतं.

निवृत्त_मास्तर: नजरबंद म्हणजे घरात कोंडून ठेवलेला! आणि नजरबंदी ही जादूगाराची.

काय_विषय_भावा: 'नेम' घ्या की. नेम धरा, नेम बदला. गोट्या खेळताना काय लक्ष्यबंध करत होता काय?

तिसरी_गल्ली: नेम मलाही आवडतो, पण दांडपट्ट्याला कुणी नेम धरत नाही. नेम लांबून मारायच्या गोष्टीला. गेममध्ये गोफण असेल तर तिला राखून ठेवा, नाहीतर नंतर दोन्ही एकत्र आल्यावर पंचाईत.

रंकाळाकाठ: गोफण आहे! दुसऱ्या टप्प्यात. बरं, लॉक सोडायला वेगळं बटण नाही, R3 पुन्हा दाबायचं. तेव्हा पट्टीत 'धरा'चं 'सोडा' करतो, म्हणजे भाऊ पळायला योग्य बटण शोधेल. 'भोवती बघा' दाबून ठेवायचं, सोडलं की कॅमेरा परत भालेवाल्यावर. फक्त लॉक नसताना ती पट्टी दाखवायची का? तेव्हा उजवी काडी तशीही मोकळीच असते.

तिसरी_गल्ली: नका दाखवू. आणि समोर कुणी नसताना R3 दाबलं तर काय करताय? Elden Ring मध्ये कॅमेरा गड्याच्या पाठीमागं येऊन सरळ होतो. तुमच्याकडं तसं असेल तर त्या क्षणी 'धरा' हा शब्दही खोटा ठरतो.

रंकाळाकाठ: आयला. हो, तसंच आहे.

तालमीतला: शाहू महाराजांच्या चित्त्यांच्या डोळ्यावर टोपी असायची. शिकार समोर आली की टोपी काढायची, मग चित्त्याला दुसरं काय दिसायचं न्हाई. त्या टोपी काढण्याला चित्तेवान काय म्हणत, ते शोधा. तोच तुमचा शब्द.

निवृत्त_मास्तर: 'टोपी काढा' असे बटणावर लिहिणार?

काय_विषय_भावा: नाद खुळा. मी तर दाबणार.