विषय: रविवारची तायक्वांदो स्पर्धा, आणि न मारता मार्क कसले?

आरती (टिळकवाडी):
सगळ्यांना नमस्कार, मागच्या रविवारी सराव सामन्यात हॉलवर जो आरडाओरडा झाला तो तुम्ही ऐकलाच असेल. माझ्या मुलाचे तीन राऊंडचे बोर्डवरचे आकडे असे होते, ९-२, ५-६, ६-५. म्हणजे ह्याचे २० आणि समोरच्याचे १३, आणि तरी हात वर केला समोरच्याचा! शेवटच्या राऊंडला तर समोरच्या पोराने ह्याला एक लाथ सुद्धा लावलेली नाही, मग त्याचे ५ आले कुठून? येत्या रविवारी पहिलीच खरी स्पर्धा आहे, निदान आईबापांना कोणीतरी नीट सांगा की ओ.

संजयकाका (शहापूर):
आरती, ती वॉर्निंग असते. दोन वॉर्निंग मिळून समोरच्याला एक मार्क. पोटाला १, डोक्याला ३. आमच्या पुतण्याच्या वेळी असंच होतं.

मेघा (खानापूर):
काका, ते जुनं झालं, अर्धी वॉर्निंग २०१७ पासून बंद आहे. आता एक चूक म्हणजे एक गमजम आणि समोरच्याला सरळ १ मार्क. पोटाला नीट बसलेली लाथ २ ची, १ फक्त ठोशाला. डोक्यावरची लाथ ३. अंग गोल फिरवून मारली तर पोटाला ४ आणि डोक्याला ५.

आरतीताई, तुमचे आकडे बरोबर आहेत, फक्त तिन्ही राऊंडची बेरीज करायची नसते. प्रत्येक राऊंड शून्यापासून सुरू होतो आणि तीनपैकी दोन जिंकले की सामना जिंकला. पहिला तुमच्याकडे गेला. दुसऱ्यात तुमच्या मुलाच्या दोन लाथा आणि एक ठोसा, झाले ५. समोरच्याची लाथ एकच, तिचे २, आणि बाकीचे ४ तुमच्या मुलाच्या चार गमजमचे. तिसऱ्यात त्याच्या ३ लाथांचे ६ झाले आणि समोरच्याचे पाचही गमजमचेच. एका राऊंडमध्ये पाच गमजम झाले की बोर्डवर पुढे असलात तरी तो राऊंड जातो, म्हणून ६-५ असून हरला.

मी कोपऱ्यातच बसले होते. लाथ मारून झाली की तो मागे मागे सरकतो आणि एक पाय रेषेबाहेर गेला की झालं, दोन्ही जावे लागत नाहीत. एकदा स्वतःच्याच लाथेने पडला, त्याचा एक. दोनदा समोरच्याला हातांनी ढकललं. रेफ्री प्रत्येक वेळी सामना थांबवून बोट दाखवतो, पण आपण तेवढ्यात पोराला "मार मार" ओरडत असतो.

वसंतअण्णा (निपाणी):
मी कराटे शिकलोय, तिथं असलं काही नव्हतं. बाकी जाऊ दे, रविवारच्या चहा-पोह्यांचं काय ठरलं? मागच्या वेळी कुंदा आणला तो खेळणाऱ्या पोरांना मिळालाच नाही, मोठ्यांनीच संपवला.

संजयकाका:
मेघा, नियम बदलला असेल, मी काय रोज बघत नाही. पण परवा पोराची लाथ पाठीला धडाधड लागत होती, आवाज आला, मार्क शून्य. ह्याला काय म्हणायचं?

मेघा:
आवाजाला मार्क नसतो काका. छातीवरच्या चिलखताचा जो रंगीत भाग आहे त्याला लागायला हवं, मणक्यावर नाही. कमरेखाली मारलं तर उलट गमजम. रविवारी सेन्सरचं चिलखत असेल तर हलकी लाथ ते मोजतच नाही. नसेल तर कोपऱ्यातले जज बटण दाबणार, तिघांत निदान दोघांनी जवळजवळ एकाच वेळी दाबलं तरच मार्क बोर्डवर येतो. त्यामुळे एका बाजूने आपल्याला लागलेली दिसली तरी येत नाही. ठोसा मात्र सेन्सर असला तरी जजच बघतात, पोरं तोच सारखा मारतात आणि वाट बघत बसतात.

आरती:
बरं, आणि लहान गटात डोक्यावर मारायला परवानगी आहे का? मुलाची आजी रोज विचारते.

मेघा:
ते आयोजकांवर असतं ताई. अजून पत्रक आलेलं नाही, आलं की बघू. डोक्याला ठोसा मात्र कुठल्याच गटात चालत नाही.

प्रमोद (क्रीडा समिती):
एक विनंती, नियमांचं पत्रक काढायचंच असेल तर ते क्रीडा समितीतर्फे निघेल. मागे योगासनाच्या वेळी कोणीतरी परस्पर छापून वाटलं होतं आणि त्यात वेळ चुकीची होती. मराठी-कन्नड दोन्हीत छापायचं का तेही समितीत ठरेल.

मेघा:
प्रमोददादा, मी काही छापत नाहीये, इथे विचारलं म्हणून लिहिलं.

वसंतअण्णा:
दोन्हीत छापा की, हॉलच्या दारावरचे लोक मराठी वाचतात का? आणि खानापूरहून कोण गाडी आणणार, माझ्या नातवाला आणि त्याच्या दोन मित्रांना नंदगडहून उचलायचंय, सकाळी सात वाजता वजन आहे म्हणे.