झोपवूनच न्यावं लागणारा पेशंट आणि लांबचा रस्ता : तुमचे अनुभव लिहा

कोयनाकाठ
आज कपाट आवरताना आईची जुनी गोधडी हाताला लागली. एका कोपऱ्यावर बीटाडिनचा डाग अजून तसाच आहे. २०१९ साली याच गोधडीवर आईला चिपळूणहून पुण्याला नेलं होतं.

आई बाथरूममध्ये पडली आणि कमरेचा मणका दबला. पंधरा-वीस मिनिटांवर बसवेना. कुंभार्ली घाट, पाटण, कराड, मग हायवेने पुणे, म्हणजे अडीचशेच्या आसपास किलोमीटर. मोठी गाडी आरामाची असं समजून सगळ्यात मोठी अॅम्ब्युलन्स ठरवली. भाडं जाऊन-येऊन किलोमीटरने, "रिकामी परत यायचीये ना ताई." तिथेच फसलो. मोठी गाडी, आत माणसं चार, त्यामुळे मागचे पाटे दबेचनात. स्ट्रेचर नेमकं मागच्या चाकांवर. प्रत्येक खड्ड्याला आई बोटभर उडायची.

त्यात घाटाची चढण. डोकं पुढे, पाय मागच्या दाराकडे, आणि खाली गुळगुळीत रेक्झिन. दर वळणाला आई पायांकडे घसरायची आणि मी काखेत हात घालून तिला वर ओढायचे. पाटणपर्यंत तिने स्पीडब्रेकर मोजले. सत्तावीस. मोजता मोजता रडत होती.

बारा दिवसांनी परत आणलं ते इनोव्हात, पुढची सीट मागे पाडून. ते बरं गेलं, पण तेव्हा ती अर्धा-पाऊण तास बसू शकत होती.

तुम्ही कोणती गाडी केलीत, कुठे कुठे थांबलात? लिहा.

बाबूराव७७
१०८ ला फोन करायचा की ताई. फुकट आहे.

निशिगंध
बाबूराव, १०८ इमर्जन्सीसाठी. ती जवळच्या योग्य दवाखान्यात पोचवते. अपघात झाला, छातीत दुखलं, तर तीच बोलवा. आपल्या पसंतीच्या पुण्यातल्या डॉक्टरकडे ठरवून जायला ती नाही.

बाबूराव७७
आमच्या मेव्हण्याला सिव्हिलमधून पुण्याला ससूनला १०८ नेच नेलं होतं.

निशिगंध
तिथल्या डॉक्टरांनी सरकारीतून सरकारीत पाठवलं असेल. ते वेगळं.

सिस्टर_आक्का
ड्युटी संपवून एसटीत बसून लिहितेय, चुका सांभाळा. सव्वीस वर्षं ऑर्थो वॉर्डात काढली.

कोयनाकाठ, काखेत धरून ओढलंत ना, तेच करायचं नाही. मणका दबलेल्या माणसाचं वरचं अंग ओढलं जातं आणि कंबर तिथेच राहते. रेक्झिनवर आधी सुती चादर, त्यावर आडवी घडी घातलेली दुसरी चादर, खांद्यापासून मांडीपर्यंत पोचेल अशी. सरकवायचं तर गाडी उभी करून दोघांनी दोन्ही बाजूंनी त्या घडीच्या कडा गुंडाळून धरायच्या आणि एकदम उचलायचं. तळपायांना टेकेल असं ब्लँकेटचं गच्च गुंडाळं पट्ट्याने बांधून ठेवायचं, म्हणजे चढणीला घसरत नाही. गुडघ्याखाली उशी. पट्टे छातीवर आणि मांडीवर, पोटावर आवळायचे नाहीत.

दुखण्याचं औषध गाडीत चढवल्यावर नाही, उचलायच्या पाऊण तास आधी. कोणतं, किती, ते डॉक्टरांना विचारूनच. खरी कळ उचलताना आणि उतरवताना येते, रस्त्यात त्याच्या निम्मी.

आणि पाय बधिर व्हायला लागले, उचलवेनात किंवा लघवी अडली, तर उद्याची गाडी नि ओळखीचा डॉक्टर हे सगळं बाजूला ठेवा आणि त्याच क्षणी जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. तिथे तास मोजले जातात.

कोयनाकाठ
आक्का, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर. आईला आज वाचून दाखवते. बरी आहे, काठी घेऊन परसात जाते.

तुतारीवाला
एवढा त्रास कशाला? कोकण रेल्वे आहे की. खालचा बर्थ, पनवेलपर्यंत झोपून.

कोयनाकाठ
चढवायचं कसं दादा? गाडी थांबणार मोजकी मिनिटं, आणि दारातून बर्थपर्यंतच्या वळणात स्ट्रेचर वळत नाही. पनवेलहून पुढे परत गाडी आहेच.

तुतारीवाला
आम्ही आजोबांना खुर्चीत बसवून चढवलं होतं.

निशिगंध
ते बसू शकत होते 😄

सातारी_कंदी
मी बाबांना स्विफ्टच्या मागच्या सीटवर आडवं करून नेलं, कराड ते पुणे. सीटखालच्या पाय ठेवायच्या खड्ड्यात कपड्यांच्या बॅगा ठासून वरून गादी. छान पलंग झाला! आनेवाडीच्या टोलनाक्यावर पुढचा ट्रक अचानक थांबला, मी ब्रेक दाबला आणि बाबा गादीसकट पुढच्या सीटवर आदळले. पट्टा कुठे असणार, आडव्या माणसाला? कुठे मोडलं नाही, नशीब. भाऊ अजूनही म्हणतो अॅम्ब्युलन्सपेक्षा कारच बरी. आमचं या विषयावर बोलणं बंद आहे.

राधाबाई_कराड
आमच्याकडे छोटी व्हॅन अॅम्ब्युलन्स केली होती. कमी उडते हे खरं, पण छत इतकं खाली की मी कराडपासून मान वाकवून बसले. सासरे मस्त झोपले, पुण्यात मलाच मानेचा पट्टा लागला.

सातारी_कंदी
राधाबाई 😂😂 कराडात कुठे राहता? माझं माहेर मलकापूर.

राधाबाई_कराड
अगं मग जवळच. कोयना वसाहतीमागे. मेसेज कर.

अण्णा_स्टेअरिंग
मी एकोणीस वर्षं अॅम्ब्युलन्स चालवतो. गाडी मोठी-छोटी बघू नका, मागचे टायर बघा. हवा टाइट भरलेली असली तर दगडासारखी उडते. ठरवायच्या आधी पेशंटच्या घरच्या एकाने स्ट्रेचरवर स्वतः आडवं होऊन गल्लीतून एक चक्कर मारावी. ड्रायव्हर हसेल, हसू द्या.

थांबायचं ढाब्यावर नाही. ढाब्याचं आवार उतरतं असतं, गर्दी असते, मागचं दार उघडलं की दहा माणसं बघायला. सपाट जागेवरचा मोठा पेट्रोलपंप बघा, सावलीच्या बाजूला उभी करा. दोन तासांनी थांबून पेशंटची कूस बदलायची, पण डॉक्टर हो म्हणाले असतील तरच. घाटात मध्ये थांबायचं नाही. घाटाच्या आधी एक थांबा, उतरल्यावर एक. आणि सायरन नको. सायरन लावला की आम्हीच उगाच जोरात हाणतो, खोटं कशाला बोलू.

सिस्टर_आक्का
अण्णांचं खरं. एक राहिलं. लघवीची नळी असेल तर निघताना पिशवी रिकामी करा आणि पोटाच्या खालच्या पातळीला अडकवा. घरचे लोक पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवून देतात, लघवी उलटी जाते. फरशीवर पण लोळू द्यायची नाही.

पहाटपक्षी
वेळेबद्दल कुणी बोललंच नाही. आम्ही पहाटे तीनला निघालो रस्ता मोकळा मिळेल म्हणून. मिळालाही. पण नवले पुलापाशी ऐन ऑफिसच्या वेळेला पोचलो, तिथे पाऊण तास. पुढे हॉस्पिटलात बेड दुपारी रिकामा होणार होता. मावशी कॅज्युअल्टीच्या दारात चार तास त्याच अरुंद स्ट्रेचरवर, आणि अॅम्ब्युलन्सवाल्याचं वेटिंग चालू. बेड हातात आहे का हे विचारून मगच निघा, आणि निघायची वेळ पोचायच्या वेळेवरून उलटी मोजा.

बाबूराव७७
वेटिंगचे किती लावले?

पहाटपक्षी
विचारू नका बाबूराव.

गुहागरकर_नवा
वडिलांना परवा न्यायचंय, खुब्याचं हाड मोडलंय. कुंभार्ली की ताम्हिणी?

अण्णा_स्टेअरिंग
कुंभार्ली. चढण आहे, पण कराडला चौपदरी हायवे लागतो आणि वाटेत मोठी हॉस्पिटलं आहेत. ताम्हिणीत मध्ये काही झालं तर मोबाइलला रेंजसुद्धा मिळेलच असं नाही.

तुतारीवाला
माणगावपर्यंत रेल्वेने जाऊन मग ताम्हिणी...

निशिगंध
तुतारीवाले, बस्स 🙏

सिस्टर_आक्का
गुहागरकर, खुब्याला पाय आत-बाहेर वळू द्यायचा नाही. दोन्ही पायांमध्ये उशी घालून बांधायचं कसं, ते तिथल्या डॉक्टरांकडून निघण्याआधी करून घ्या. माझा स्टॉप आला, रात्री परत बघते.

कोयनाकाठ
गुहागरकर, चिपळूणहूनच जाणार ना? गोधडी हवी असेल तर सांगा, धुऊन ठेवते. आई म्हणतेय स्पीडब्रेकर आता वाढले असतील, मोजून कळवा.