मदत हवी आहे: नव्या चटणीच्या अहवालात तुलना कशाशी करू?

नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या बचत गटाने जवसाच्या चटणीची १०० ग्रॅमची पाकिटं १४ किराणा दुकानांत ठेवली. सहा आठवडे झाले. अहवालात ‘मागच्या तुलनेत वाढ’ असा रकाना आहे, पण मागचं काहीच नाही.

पहिल्या आठवड्यात १६८ पाकिटं गेली, पण तो दुकानांत भरलेला माल, विक्री नव्हे. पुढे दर शनिवारी उरलेली पाकिटं मोजून खरी विक्री काढली: ६१, ३८, ४४, ६७, ४०. त्यातले ६१ नवलाईचे. ६७ पोळ्याच्या आठवड्यातले.

म्हणून पहिले दोन आठवडे वगळले. उरलेल्या चारांची सरासरी ४७ येते, पण ती पोळ्याने फुगवलेली. चढत्या क्रमाने लावून मधल्या दोघांचा मध्य घेतला तर ४२, म्हणजे दुकानामागे आठवड्याला ३ पाकिटं. हाच ‘तात्पुरता मापदंड’ लिहावा, सोबत ३८ ते ४४ हा पट्टा द्यावा आणि वाढीचा रकाना कोराच ठेवावा, असं मला वाटतं.

पोळ्याचा आठवडा पूर्ण काढू की वेगळा दाखवू? दिवाळीही येतेच आहे. आणि ‘तात्पुरता’ शब्द किती आठवड्यांनी काढावा? ज्यांनी असा अहवाल केलाय त्यांनी कृपया सांगा, सोमवारी गटाची बैठक आहे.