आजोबांच्या भोकाच्या वाटीबद्दल संग्रहालयाला पत्र लिहितेय, काय सुधारू?

रत्नांग्री_लेक: आजोळचं घर रिकामं करताना तांब्याची वाटी सापडली, बुडाला मधोमध बारीक भोक. पुण्याच्या केळकर संग्रहालयाला फोटो पाठवायचे म्हणतेय. मजकूर असा लिहिलाय:

"मा. अभिरक्षक, सोबत चार फोटो आहेत. वाटी तांब्याची, गोल बुडाची, तोंड ५ इंच, वजन ११० ग्रॅम. फोटो २ मध्ये भोक, फोटो ४ मध्ये आतल्या बाजूच्या तीन रेघा. आजोबा भिक्षुकी करत. ही वस्तू काय असावी व किंमत किती?"

शिवदास७२: अभिषेकपात्र आहे हो, आमच्याकडे सेम, पिंडीवर टांगतात. पत्र कशाला!

जुनं_ते: शिवदासराव, अभिषेकपात्र टांगायला कडी नाहीतर कान लागतात, यांनी दोन्हीचा उल्लेख केला नाहीये. शिवाय ५ इंचाला ११० ग्रॅम म्हणजे पत्रा फारच पातळ. ताई, मला हे घटिकापात्र वाटतंय, लग्नात मुहूर्ताची वेळ बघायला घंगाळातल्या पाण्यावर सोडायचे ते. भोकातून पाणी वर येत येत २४ मिनिटांत बुडतं, ती एक घटिका, दिवसरात्रीत अशा ६०. कोरडी वाटी स्थिर पाण्यावर अलगद ठेवून एकदा वेळ लावा. आणि भोकात सुई अजिबात घालू नका, ते जरा मोठं झालं की वेळच बिघडते.

समईवाला: आमच्याकडे पण आजीची पितळी समई आहे, ती घेतील का ते? चिंच लावून चकचकीत केलीय.

जुनं_ते: घेतात का ते त्यांनाच विचारा, पण चिंच नको होती, जुना थर गेला की वस्तूचं वय ओळखायला अवघड जातं.

रत्नांग्री_लेक: कडी, कान काहीच नाही, काठ साधा आहे. आत्ताच बघितलं, ३१ मिनिटं लागली बुडायला!! म्हणजे नाही ना ते?

जुनं_ते: उलट आशा वाढली. भोक मोठं असतं तर बरीच लवकर बुडाली असती. जास्त वेळ म्हणजे भोकात क्षार धरले असतील, मागून टॉर्च धरून फोटो काढा, कडेला पांढरट दिसेल. पत्रात ही ३१ मिनिटं, कुठल्या पाण्यात ते, आजोबांचं गाव आणि वाटी घरात कुठे सापडली ते घाला. एक फोटो पट्टी शेजारी ठेवून, एक बाजूने. किंमत काढून टाका, संग्रहालयं सहसा किंमत सांगत नाहीत.

शिवदास७२: आमचीला तीन कड्या आहेत खऱ्या. पण रेघा कसल्या मग?

जुनं_ते: घटिकेचे भाग असतील असं म्हणता येईल, पण हाताने ओरखडलेल्या पण असू शकतात. रेघांमधलं अंतर मोजून तोच प्रश्न पत्रात विचारा.

रत्नांग्री_लेक: वरून १.५, २ आणि ३.५ सेंमी, सारखी नाहीतच. टॉर्चने पांढरं दिसतंय खरं. माळ्यावर पंचांगांच्या गठ्ठ्यात होती, ते पण लिहिते आता.