सल्ला हवा: एजन्सीकडे अडकलेले अनुवादाचे बिल संबंध न बिघडवता कसे मागावे?

शब्दवेल्हाळ:
नमस्कार. मी पुण्यात स्वतंत्रपणे अनुवादाची कामे करते. मे महिन्यात एका अनुवाद एजन्सीसाठी यंत्रसामग्रीची सुरक्षा-पुस्तिका मराठीत करून दिली. शब्दाला 2 रुपये या दराने तीस हजार शब्दांचे 60,000 रुपये झाले आणि 10 जून 2025 रोजी मी बिल ईमेलने पाठवले. ॲडव्हान्स घेतला नव्हता. स्वतंत्र करार नाही. दर आणि मुदत ठरवणारे ईमेल आणि एजन्सीने पाठवलेली पीओ, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर, एवढेच कागद आहेत. आता ऑगस्ट संपत आला. प्रोजेक्ट मॅनेजर व्हॉट्सॲपवर कधी "बघतो मॅडम" म्हणतात, तर कधी "या आठवड्यात होऊन जाईल". परवा त्यांनी "मूळ ग्राहकाचे पैसे आले की लगेच देतो" असे कळवले. कामाच्या दर्जाबद्दल तक्रार नाही, उलट ते नवे काम देऊ करत आहेत, म्हणून वाकडेपणा येऊ द्यायचा नाही. थकलेले पैसे कोणत्या शब्दांत मागावेत आणि नव्या कामाच्या अटी कशा घालाव्यात, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

छायाप्रकाश:
ताई, आमच्या लग्नाच्या फोटोग्राफीत हा प्रश्नच उद्भवत नाही. तारीख राखून ठेवण्यासाठी निम्मी रक्कम, लग्नाच्या दिवशी बरीचशी आणि उरलेली चुकती झाल्याशिवाय अल्बम हाती पडत नाही. मुलाकडचे कितीही "घरचेच आहोत" म्हणाले तरी नियम मोडायचा नाही. तुम्हीही फाइल रोखून धरायला हवी होती.

कायदापंडित_हौशी:
एवढी विनवणी कशाला? लघुउद्योगांसाठी 2006 चा कायदा आहे. त्यानुसार 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात, अन्यथा व्याज लागते. सरळ सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, सुतासारखे सरळ होतील.

जमाखर्च:
मी बरीच वर्षे कंपन्यांच्या हिशेब विभागात पुरवठादारांची बिले चुकती करण्याचे काम पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

छायाप्रकाश यांच्या हातात अल्बम असतो. शब्दवेल्हाळ यांची फाइल मे महिन्यातच गेली आहे, त्यामुळे तो मार्ग या बिलापुरता बंद आहे. हौशी यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. 45 दिवस ही लेखी मुदत ठरली असेल तेव्हाची कमाल मर्यादा आहे. मुदत लेखी ठरलीच नसेल तर काम स्वीकारल्यापासून 15 दिवस धरतात. मात्र त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती विनाशुल्क असते आणि एकट्याने सेवा देणाऱ्यालाही करता येते, पण ती काम घेण्याच्या आधीची असावी. नोंदणी नंतरची असेल तर आधीच्या कामाला संरक्षण मिळते का, याबद्दल न्यायालयांतच एकमत नाही. शिवाय तक्रारीचा निकाल काही महिन्यांत लागेल अशी खात्री कोणी देऊ नये. हे पाऊल शेवटचे ठेवा.

आधी बिल नेमके कोठे अडले आहे ते शोधा. प्रोजेक्ट मॅनेजर काम स्वीकारतो, पण पैसे सोडणे बहुधा त्याच्या हातात नसते. बिल हिशेब विभागात जाते, तेथे पीओ क्रमांक, पॅन आणि बँकेचा तपशील जुळवतात, बिलाची खात्यात नोंद होते आणि मग महिन्यातल्या ठरलेल्या तारखांना रकमा एकगठ्ठा सुटतात. तपशिलातली एक गोष्ट जुळली नाही तर बिल बाजूला पडते आणि अनेकदा ते कोणी कळवतही नाही. "बघतो मॅडम" म्हणणाऱ्याला बिल बाजूला पडल्याचे ठाऊकही नसते.

म्हणून व्हॉट्सॲप सोडून हिशेब विभागाला ईमेल करा, प्रत मॅनेजरना ठेवा आणि विषयाच्या ओळीतच बिल क्रमांक, तारीख व रक्कम लिहा. मजकूर असा पुरेसा आहे:

"नमस्कार. वरील बिल 10 जून रोजी पाठवले असून ते सोयीसाठी पुन्हा जोडले आहे. बिलाची नोंद झाली आहे का, त्यात काही कागद कमी आहे का आणि रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल, हे कृपया कळवावे."

यात आरोप नाही, स्वतःच्या अडचणींचे रडगाणे नाही, आणि उत्तरादाखल तारीख द्यावीच लागते. "लवकरात लवकर पेमेंट करावे" या वाक्याला "हो" म्हणून मोकळे होता येते. उत्तरात "एवढी रक्कम देणे आहे" असे आले तर ते जपून ठेवा. थकबाकीचा दावा लावण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि त्या मुदतीत देणेकऱ्याने दिलेल्या लेखी कबुलीपासून ती पुन्हा नव्याने मोजली जाते.

आणखी एक खूण सांगतो, ती फारसे कोणी पाहत नाही. आयकराच्या संकेतस्थळावर आपला फॉर्म 26AS उघडा, त्यात आपल्या नावाने कोणी किती टीडीएस कापला ते दिसते. टीडीएस पैसे देताना किंवा बिल खात्यात धरताना, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा कापावा लागतो. जूनच्या तिमाहीचे विवरणपत्र 31 जुलैपर्यंत भरायचे असते, त्यामुळे ऑगस्टमध्ये नोंद दिसायला हवी. तेथे या एजन्सीच्या नावाने 6,000 रुपये दिसले, तर त्यांनी तुमचे 60,000 देणे म्हणून मान्य केले आहे. मग काम मान्य नव्हते असे म्हणायला त्यांना तोंड उरत नाही. तुम्हाला 54,000 च येणे आहेत, हेही लक्षात असू द्या.

कायदापंडित_हौशी:
15 दिवसांचे मला ठाऊक नव्हते. पण 2024 पासून अशा छोट्यांचे पैसे मुदतीत न दिल्यास कंपनीला तो खर्चच दाखवता येत नाही ना? ते लिहून घाबरवता येईल.

जमाखर्च:
कायमचा नाकारला जात नाही, ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षी तो खर्च धरला जातो. मार्चच्या सुमारास हिशेब विभाग त्यामुळे जागा होतो हे खरे. ऑगस्टमध्ये त्याची धास्ती कोणी घेणार नाही. आणि त्यालाही उद्यम नोंदणी लागतेच.

शब्दवेल्हाळ:
आपण सुचवला तोच मजकूर पाठवला. 26AS मध्ये 6,000 ची नोंद सापडली, तारीख 30 जूनची आहे. हिशेब विभागाच्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी उत्तर दिले की बिल नोंदले आहे, पण प्रोजेक्ट मॅनेजरकडून "पैसे सोडा" असा शेरा आलेला नाही. मी पीओ पुन्हा वाचली तेव्हा खाली बारीक अक्षरांत "मूळ ग्राहकाकडून रक्कम प्राप्त झाल्यानंतर 60 दिवसांत" अशी ओळ दिसली. उद्यम नोंदणी मी जुलैत केली, म्हणजे कामानंतर. आता माझी बाजू लंगडी पडली का?

जमाखर्च:
तुमची नोंदणी आधीची असती तर त्या ओळीला फारसा अर्थ उरला नसता, कारण लेखी करारानेही मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशिराचे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट असते. तो ऑगस्ट 2025 मध्ये 5.75 टक्के होता, म्हणजे वर्षाला 17.25 टक्के, तुमच्या रकमेवर महिन्याला साधारण 860 रुपये. नोंदणी जुलैची असल्याने या बिलावर हे व्याज मागण्याचा आग्रह मी धरणार नाही. पण "मूळ ग्राहकाचे पैसे कधी येणार, त्याला बिल कोणत्या तारखेला पाठवले?" हे विचारण्याचा हक्क तुम्हाला त्याच ओळीने दिला आहे. हिशेब विभागाचे उत्तर जोडून मॅनेजरना लिहा: "बिलाची नोंद झाली असून आपल्या शेऱ्याची प्रतीक्षा आहे असे समजले. तो शेरा आपण कधीपर्यंत देऊ शकाल?" चेंडू त्यांच्या अंगणात राहील आणि तुम्ही एक शब्दही कडू बोललेल्या नसाल.

रेषाकार:
मी जाहिरातींचे आरेखन करतो, त्यामुळे पुढच्या कामाबद्दल लिहितो. एजन्सीकडे "ॲडव्हान्स द्या" म्हटले की "आमच्याकडे तशी पद्धत नाही" हे ठरलेले उत्तर येते. त्यावर हटून बसण्यापेक्षा काम तोडून द्यावे. समजा नवे काम 40,000 रुपयांचे आहे. सुरुवातीला 10,000, मग दहा-दहा हजारांचे तीन टप्पे, आणि आधीच्या टप्प्याचे पैसे जमा झाल्यावरच पुढच्या टप्प्याची फाइल. त्यामुळे कोणत्याही क्षणी एका टप्प्याहून अधिक उधारी साचत नाही. अटी अर्ध्या पानाच्या ईमेलात लिहा आणि "मान्य" असे उत्तर आल्याशिवाय कामाला हात लावू नका. पैसे बिलाच्या तारखेपासून 15 दिवसांत, मूळ ग्राहकाच्या पैशांशी संबंध नाही, दोन फेऱ्यांपलीकडच्या बदलांना वेगळा दर, आणि अनुवादाचे हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हस्तांतरित, एवढ्या चार गोष्टी असल्या की पुरे. पुन्हा तशी पीओ आली तर ती ओळ खोडण्याची विनंती त्याच दिवशी लेखी करा, कारण गप्प राहिलात तर तुम्ही ती मानली असे धरतील. मी उशिराबद्दल महिन्याला 2 टक्के आकारही लिहितो.

छायाप्रकाश:
तो 2 टक्के आजवर कोणी दिला का?

रेषाकार:
कोणी दिलेला नाही. पण "या महिनाअखेर पैसे आले तर उशिराचा आकार मी माफ करतो" असे लिहिता येते आणि त्याने काम होते.

जमाखर्च:
मला ही अट पटत नाही. मोठ्या कंपन्यांत अशी अट दिसली की ईमेल कायदा विभागाकडे जातो आणि कामच दोन आठवडे लांबते. माझा कौल मुदतीच्या तीन दिवस आधी जाणाऱ्या साध्या स्मरणपत्राला. बिल जीएसटीचे असेल तर आणखी एक गोष्ट जपावी लागते: ग्राहकाने पैसे दिले नाहीत तरी बिलावरचा कर त्या महिन्यात स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, आणि सेवेच्या ॲडव्हान्सवरही तो लागतो. शब्दवेल्हाळ यांची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर त्यांना ही चिंता नाही.

शब्दवेल्हाळ:
सर्वांचे आभार. मॅनेजरनी ईमेलवर 15 सप्टेंबर ही तारीख लेखी दिली आहे. नव्या कामासाठी ते चार टप्प्यांना तयार आहेत, पण ॲडव्हान्स 10,000 ऐवजी 5,000 देऊ म्हणतात आणि काम सोमवारीच सुरू करा असा आग्रह आहे. जुने पैसे येण्याआधी नवे काम हाती घ्यावे का?

रेषाकार:
मी घेतले नसते. जुने चुकते होईपर्यंत नवे नाही, हे हसतमुखाने सांगता येते.

जमाखर्च:
मी घेतले असते, पण 5,000 खात्यात दिसल्यावर आणि पहिला टप्पा तेवढ्याच किमतीचा, म्हणजे नव्या कामाच्या आठव्या हिश्श्याएवढा करून. 12 सप्टेंबरला हिशेब विभागाला एक ओळ लिहा की रक्कम 15 तारखेच्या यादीत आहे ना. 16 तारखेपर्यंत जमा झाली नाही तर मॅनेजरना पुन्हा विचारू नका. तीच ईमेलची साखळी एजन्सीच्या मालकांना पाठवा आणि दुसरा टप्पा त्यांचे उत्तर येईपर्यंत थांबवला आहे, एवढे त्यात नमूद करा.