तळमजल्याच्या खिडकीखाली एसी

शैलाकाकू (तळमजला): दुपारचे पावणेतीन. माझ्या खिडकीखाली पांढरी गाडी पुन्हा सुरू आहे. आत कोणी नाही, काचा बंद, एसी चालू. आज बारा मिनिटं झाली, घड्याळ लावून बसले आहे. धूर सगळा घरात. मागच्या मीटिंगमध्ये काय ठरलं होतं ते पुन्हा लिहीत नाही.

प्रशांत: काकू, गाडी माझी आहे. सरळ फोन केला असतात तरी चाललं असतं, ग्रुपवर कशाला? तीन तास उन्हात उभ्या गाडीत एकदा बसून बघा. स्टिअरिंगला हात लागत नाही. दहा मिनिटं एसी लावला तर कुठे बसता येतं.

वसंतकाका: ८० च्या खाली काचा उघड्या, ८० च्या वर एसी. पेट्रोल वाचवायचा साधा नियम आहे.

मेघना: काका, गाडी पार्किंगमध्ये उभी आहे. वेग शून्य.

वसंतकाका: शून्य म्हणजे ८० च्या खालीच.

शैलाकाकू: फोन दोनदा केला होता. उचलला नाहीत. आणि तिथलं झाड असतं तर गाडी एवढी तापलीच नसती. तोडायच्या अर्जावर पहिली सही कोणाची होती ते सगळ्यांना माहीत आहे.

प्रशांत: आलं झाड. वाटच बघत होतो.

सचिव: सर्व सभासदांना नम्र विनंती, झाडाचा विषय इथे नको. गाडी बंद करावी, ही विनंती.

प्रशांत: केली बंद. आता उकडत ऑफिसला जातो. खूश?

निलेश (चौथा मजला): प्रशांत, भांडणात पडत नाही, पण गाड्यांच्या एसीचंच काम करतो म्हणून सांगतो. उभ्या गाडीत इंजिन आयडलिंगवर असतं. कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे इंजिन हळू तर तोही हळू. आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या, पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरला पंखा देईल तेवढाच वारा. म्हणजे एसी सगळ्यात दुबळा असतो तेव्हा तू त्याला सगळ्यात जड काम लावतोस. गाडी हलली की तोच एसी झटकन गार होतो, बघ.

प्रशांत: मग भट्टीत बसून गाडी हलवायची कशी ते सांग.

सुहासराव: *(फॉरवर्ड केलेला मेसेज)* ⚠️ गाडीत बसताच एसी लावू नका!! डॅशबोर्डमधून विषारी वायू!! जास्तीत जास्त शेअर करा 🙏

मेघना: उन्हाळा आला म्हणायचा. हा मेसेज आला नसता तर कळलंच नसतं.

निलेश: सुहासराव, काचा आधी उघडा हा सल्ला बरोबर, कारण मात्र उगाच घाबरवणारं. खरं कारण साधं आहे. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी २०१८ मध्ये मोजलं होतं: कडक उन्हात तासभर उभ्या गाडीत हवा सरासरी ४७ अंश, सीट ५१, स्टिअरिंग ५३ आणि डॅशबोर्ड ६९. ऊन काचेतून आत येऊन डॅशबोर्ड तापवतं. तो डॅशबोर्ड जी उष्णता बाहेर टाकतो ती काच सोडत नाही. हवा तापते ती या वस्तूंमुळे.

निलेश: आता गंमत बघा. गाडीतली सगळी हवा जेमतेम तीन-साडेतीन किलो. ती गार करायला फारसं काही लागत नाही, आणि त्याहून सोपं म्हणजे ती फेकून द्यायची. बाहेर ३८ आणि आत ५५ असेल तर बाहेरची हवा आपल्यासाठी फुकटचा एसीच आहे.

आदित्य (इलेक्ट्रिकवाला): मी घरातूनच मोबाईलवरून एसी लावतो. धूर नाही, आवाज नाही. असो.

मेघना: "असो" म्हणायला एवढा मोठा मेसेज.

प्रशांत: फेकायची कशी? सुपाने?

निलेश: दारानेच. डाव्या बाजूची पुढची एक काच पूर्ण खाली. मग उजवीकडचं ड्रायव्हरचं दार पाच-सहा वेळा उघड-मीट करायचं, सुपाने पाखडतात तसं. आपटायचं नाही, लॉकपर्यंतही न्यायचं नाही. दार उघडताना आतली हवा बाहेर ओढली जाते आणि डावीकडच्या उघड्या काचेतून नवी आत येते. काल मी ड्रायव्हर सीटच्या मागे, सावलीत थर्मामीटर लटकवून बघितलं. आत ५५, सहा वेळा दार हलवल्यावर ४३. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

शैलाकाकू: हे दार हलवण्याचं काम माझ्या खिडकीखालीच होणार ना? आवाज?

निलेश: काकू, आपटलं नाही तर आवाज नाही. धूर तर नाहीच.

वसंतकाका: ८० च्या खाली काचा, ८० च्या वर एसी. मी आधीच लिहिलं आहे.

प्रशांत: मी दार हलवून बघितलं आहे, नुसती फसवणूक आहे. दोन मिनिटांत परत गरम.

निलेश: बरोबर बोललास, आणि तिथेच बहुतेक लोक थांबतात. मीही काल दारं लावून मुद्दाम दोन मिनिटं थांबलो, ४३ चे ४९ झाले. हवा गेली, पण डॅशबोर्ड आणि सीट तापलेलेच होते. त्यांनी नवी हवा तापवली. म्हणून दार हलवून झालं की लगेच निघायचं. चारही काचा खाली, ब्लोअर पूर्ण, एसी चालू, आणि ते गाडीच्या चित्रात गोल फिरणाऱ्या बाणाचं बटण आहे ना, ते बंद. हवा बाहेरून घ्यायची.

मेघना: बंद? मला तर शिकवणाऱ्याने सांगितलं होतं ते बटण कायम चालू ठेवायचं.

निलेश: नंतर ठेवायचंच. पण पहिल्या दोन मिनिटांत आत ४५ आणि बाहेर ३८. बाण चालू ठेवला तर एसी ४५ ची हवा ओढून गार करत बसतो, ३८ ची सोडून. आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार वाटायला लागली की काचा बंद आणि बाण चालू. ओळखायचं कसं, तर काचेबाहेर हात काढा. बाहेरचा वारा आतल्यापेक्षा गरम लागला की ती वेळ झाली.

सचिव: चालत्या गाडीतून हात बाहेर काढू नये. ड्रायव्हरने तर मुळीच नाही.

निलेश: मान्य. सिग्नलला.

शैलाकाकू: मला एक सांगा, काच दोन बोटं उघडी ठेवून गाडी लावली तर? परवा एका सभासदांनी मुलाला तसं बसवून ठेवलं होतं आणि वर गेले होते. नाव घेत नाही.

निलेश: काकू, हे बरं विचारलंत. दोन बोटांच्या फटीने फारसा काहीच फरक पडत नाही. तापमान जे चढायचं त्यातलं बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच चढतं. मुलाला पाच मिनिटंसुद्धा ठेवू नये, फट असो वा नसो.

सुहासराव: तो मी होतो. तीन मिनिटं गेलो होतो. पुन्हा होणार नाही.

सचिव: 🙏

वसंतकाका: मूळ मुद्दा राहिला. ८० च्या खाली काचा, ८० च्या वर एसी.

मेघना: निलेशदादा, काकांना एकदाचं उत्तर दे. नाहीतर रात्री झोप नाही, त्यांना किंवा आपल्याला.

निलेश: काका चुकीचे नाहीत, पण ८० हा काही कोरलेला आकडा नाही. काचा उघडल्या की वारा आत घुसून अडतो. तो अडथळा ओढायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर ताकद आठपट. मधल्या आकाराची सेडान धरली आणि चारही काचा खाली केल्याने हवेचा अडथळा २० टक्क्यांनी वाढतो असं मानलं, तर हिशेब असा येतो: ४० च्या वेगाला जेमतेम ११० वॅट, ८० ला ९०० च्या आसपास, १०० ला १७००, १२० ला ३०००.

निलेश: एसीचं तसं नाही. त्याला वेगाशी फारसं देणंघेणं नाही, आत किती उष्णता उरली आहे याच्याशी आहे. तापलेली गाडी गार करताना तो ३००० वॅटपर्यंत ओढू शकतो. एकदा गाडी गार झाली की हजार-दीड हजारावर निभतं.

प्रशांत: म्हणजे नक्की आकडा काय? सरळ सांग.

निलेश: सरळ असा की तो आकडा एसी स्वतः ठरवतो. गाडी गार झालेली, एसी हजार वॅटवर असेल तर काचा उघड्या ठेवणं साधारण ८३ च्या वर महाग पडतं. दीड हजार ओढत असेल तर ९५ च्या वर. आणि भट्टी झालेली गाडी काचा बंद करून गार करायला निघालास तर १२० पर्यंतसुद्धा काचाच स्वस्त. माझा हिशेब एका सेडानचा आहे हं. उंच, चौकोनी गाडीला मुळातच वारा जास्त अडतो, तिथे उघड्या काचांनी फरक कमी पडतो, मग आकडा आणखी वर सरकतो. एकच काच थोडी खाली असेल तरी तेच.

मेघना: आणि गावातल्या गर्दीत?

निलेश: तिथे काचांचा खर्च जवळजवळ शून्य. एसीचा मात्र तासावर चालतो, किलोमीटरवर नाही. एक किलोवॅट जास्त ओढायला इंजिनला तासाला पाव लिटरच्या थोडं वर पेट्रोल लागतं. दीड किलोवॅटचा एसी असेल तर साधारण अर्धा लिटर. ताशी २५ ने १० किलोमीटर जायला २४ मिनिटं, म्हणजे एसीचे २०० मिलिलीटर. तेच १० किलोमीटर ८० ने साडेसात मिनिटांत संपतात, एसीचे ६०-६५. एसी तोच, वेळ कमी.

प्रशांत: मग माझी बारा मिनिटं?

निलेश: आयडलिंग आणि एसी मिळून साधारण तासाला लिटरभर धर. रोजचे २०० मिलिलीटर, एक मीटरही न हलता. शिवाय काकूंची दुपार.

शैलाकाकू: 👆

आदित्य: माझा एसी बॅटरीवर आहे, मला हे लागू नाही ना?

निलेश: घनाचा हिशेब तुलाही लागू. धूर नाही एवढंच. ८० च्या आसपास तू काचा उघडल्यास तर रेंज कमी झालेली तुलाच दिसेल.

आदित्य: असो.

प्रशांत: एसीवर किती ओझं आहे हे मला बसल्या जागी कळणार कसं? वॅट दाखवणारा काटा नाही माझ्याकडे.

निलेश: कान दे. तुझी गाडी जुन्या पद्धतीची आहे, कॉम्प्रेसर लागताना "टक्" आवाज येतो आणि इंजिन किंचित दबतं. सुटताना पुन्हा "टक्". गाडी तापलेली असते तेव्हा एकदा लागला की मिनिटंच्या मिनिटं सुटतच नाही. थोड्या थोड्या वेळाने टक्-टक् व्हायला लागलं की समज ओझं उतरलं. हायवेला काचा बंद करायला तीच वेळ. बऱ्याच नव्या गाड्यांत हा आवाज येत नाही, तिथे एसी ऑटोवर असेल तर ब्लोअर स्वतःहून मंदावतो का ते बघायचं.

प्रशांत: ठीक आहे. उद्या दार हलवून लगेच निघतो, बाण बंद. काकू, गाडी तुमच्या खिडकीपासून एक जागा पुढे लावतो.

शैलाकाकू: पुढे म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी आहे.

सचिव: सावलीच्या जागेचा विषय रविवारच्या सभेत. झाडाचा नाही.

शैलाकाकू: सावली आणि झाड वेगळं कसं काढणार आहात ते बघायला मी येणार आहे.

वसंतकाका: दुरुस्ती. गाडी गार असेल तर ८३ च्या खाली काचा, ८३ च्या वर एसी. तापलेली असेल तर १२०. चौकोनी असेल तर निलेशला विचारा.

मेघना: काका, तुमची गाडी शेवटची ८३ ने कधी गेली होती?

वसंतकाका: टोचन करून नेली तेव्हा.